भाऊ गेल्यानंतर सर्वजण आईबाबांची चौकशी करतात, माझी कोणी करत नाही

उत्तरा_सांगली

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेल्या कार्तिकात हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तो एकतीस वर्षांचा होता, अविवाहित होता आणि पुण्यात नोकरी करत होता. भाऊबीज होऊन महिनाही झाला नव्हता. आईबाबा सांगलीला असतात आणि मी लग्नानंतर पुण्यातच राहते, त्यामुळे रुग्णालयातून फोन आला तो मला, त्याला ओळखले ते मी, आणि बाबांना फोन करून सांगितले तेही मीच.

आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे विवाहित बहिणीला भावाचे सुतक तीन दिवसांचे असते आणि आईवडिलांना दहा दिवसांचे. चौथ्या दिवशी आत्याने अगदी मायेने विचारले, "तू आता मोकळी झालीस, पुण्याला केव्हा निघणार?" तिच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला कळत होते. तेराव्यापर्यंत जे जे लोक समाचाराला आले, ते आईजवळ बसले, बाबांचा हात हातात घेऊन बसले, आणि निघताना दारात मला म्हणाले, "आता तुलाच खंबीर व्हायला हवे, तूच त्यांचा मुलगा." चहा कोणाला बिनसाखरेचा हवा आहे, हे विचारत मी स्वयंपाकघरात होते.

त्यानंतर कागदपत्रे सुरू झाली. मृत्यूचा दाखला, बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म २० आणि त्यासोबतचा विम्याचा फॉर्म ५ आयएफ हे सर्व मी भरले. वारस म्हणून आईचे नाव आहे, त्यामुळे मी लिहायचे आणि आईने सही करायची. 'मृताशी नाते' या रकान्यात मी प्रत्येक वेळी 'आई' असे लिहिते. त्याच्या ईमेलचे ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतात म्हणून ते सिम मी अजून रिचार्ज करते. मध्येच कोणा जुन्या मित्राचा वाढदिवसाच्या समूहात संदेश येतो आणि त्याने लावलेला तो विचित्र सूर भर बैठकीत माझ्या पर्समधून वाजतो.

माझा प्रश्न असा आहे. आईचे दुःख माझ्यापेक्षा मोठे आहे, हे मला मान्य आहे. पण या सात-आठ महिन्यांत 'तू कशी आहेस' असे मला एकाही माणसाने विचारलेले नाही. लोक मला भेटल्यावर 'आई कशी आहे' असे विचारतात. घरात मी रडले, तर आई अधिक खचते, म्हणून मी रडत नाही. आणि आता तर रडू येतच नाही. हे ठीक आहे का? माझे म्हणून जे काही आहे, ते कोणाजवळ आणि कसे मांडावे?

वसंतराव_कराड

उत्तराताई, वाचून फार वाईट वाटले. मुलाचे जाणे आईवडिलांच्या वाट्याला येऊ नये. आपल्या आईंना एकट्या ठेवू नका. आमच्या शेजारी अशीच घटना घडली, तेव्हा त्या माउलींना आम्ही आग्रहाने भजनी मंडळात नेले. पहिले काही आठवडे त्या नुसत्या बसून राहत, नंतर टाळ हातात घेऊ लागल्या. वडिलांना सकाळी फिरायला कोणाची तरी सोबत द्यावी. वर्षश्राद्ध होईपर्यंत शक्यतो आपण त्यांच्याजवळ राहावे, असे मला वाटते.

मीनल_न्यूजर्सी

वसंतराव, आपला सल्ला मनापासूनचा आहे, परंतु ताईंनी आईविषयी विचारलेले नाही. त्यांनी स्वतःविषयी विचारले आहे आणि या धाग्यावरचे पहिलेच उत्तर पुन्हा आईविषयी आले.

माझी मोठी बहीण २०२१ च्या मे महिन्यात कोविडने गेली. मी अमेरिकेत होते आणि तेव्हा येणे शक्य झाले नाही; अंत्यसंस्कार मी कोणीतरी हातात धरलेल्या फोनवर पाहिले आणि मध्येच संपर्क तुटला. नंतर आईशी रोज बोलणे होई, पण त्या बोलण्यात मी फक्त ऐकणारी असे. इथल्या सहकाऱ्यांना बहीण म्हणजे वर्षातून एकदा भेटणारी नातेवाईक वाटते, त्यामुळे आठवडाभराने त्यांच्यासाठी तो विषय संपला होता. मला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो तो 'तुम्ही किती भावंडे?' हा. 'दोन' म्हणावे, तर पुढचा प्रश्न 'ताई कुठे असते?' हा येतो. 'मी एकटीच' म्हणावे, तर तिला पुसून टाकल्यासारखे वाटते. मी आजही समोरच्या माणसाकडे पाहून उत्तर बदलते.

नील_डोंबिवली

शोकाचे पाच टप्पे असतात, हे मानसशास्त्राने सिद्ध केलेले आहे: नाकारणे, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. रडू येत नाही याचा अर्थ आपण अजून पहिल्याच टप्प्यात आहात. काळ हेच औषध आहे, पण दुःख दाबून ठेवू नका. आईला स्पष्ट सांगा की मलाही त्रास होतो आहे. दोघी मिळून रडलात की मोकळे वाटेल.

शुभदा_नाशिक

मी गेली अनेक वर्षे शोकग्रस्त कुटुंबांसाठी समुपदेशनाचे काम करते. नील यांचे शेवटचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, त्याकडे नंतर येते. टप्प्यांविषयीचे मात्र सोडून द्यावे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले, ते ज्यांना स्वतःचा मृत्यू समोर दिसत होता अशा रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना ते नंतर लागू केले गेले, आणि ती माणसे या क्रमाने जात नाहीत. ताई काही नाकारत नाहीत. शव ओळखण्यापासून फॉर्म भरण्यापर्यंत सारे त्यांनीच केले आहे.

मला या बाबतीत मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार अधिक उपयोगी वाटतो. त्यांच्या मते शोक करणारे माणूस दोन बाजूंच्या मध्ये ये-जा करत असते. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, ओढ, रडणे असते. दुसऱ्या बाजूला बँक, नोकरी, स्वयंपाक, नव्याने अंगावर आलेली कामे असतात. केवळ एका बाजूला अडकून राहणे त्रासाचे ठरते; ये-जा चालू असली की माणूस हळूहळू सावरते. आता ताईंचा दिवस पाहा. आईंच्या वाट्याला पहिली बाजू आली आणि लोकांनी त्यांना तिथे बसण्याची मुभा दिली. दुसरी बाजू सगळीच्या सगळी ताईंकडे आली. त्यांनी शोक पुढे ढकलला असे नव्हे. त्यांना त्या बाजूला जाण्यासाठी कोणी वाटच ठेवली नाही. रडू न येणे हे मला त्यामुळे विपरीत वाटत नाही.

लोक का विचारत नाहीत, हेही सांगते. आपल्याकडे कोणाचा शोक किती मोठा, याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि सुतकाचे दिवस, भेटायला येणाऱ्यांची बसण्याची जागा, रजेचे नियम, वारसांचे रकाने हे सारे त्या पायऱ्यांप्रमाणे चालते. अमेरिकेतील केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाने मान्यता न दिलेल्या शोकाविषयी लिहिले. प्रौढ भावंडांचा शोक अनेकदा त्याच प्रकारात मोडतो, विशेषतः बहिणीचे लग्न झालेले असेल तर. 'तुझा संसार आहे ना' हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विवाहित बहिणीने ऐकलेले असते.

ताई, आपल्याला दोन गोष्टी विचारते. झोप आणि कामावरचे लक्ष कसे आहे? आणि भावाविषयी असे काही आहे का, जे आपण घरात बोलूच शकत नाही?

उत्तरा_सांगली

मीनलताई, 'किती भावंडे'चे उत्तर मीही बदलते. शुभदाताई, झोप येते, परंतु पहाटे चारला जाग येते. कामात चुका होत नाहीत. उलट मी पूर्वीपेक्षा अधिक काम करते आणि वरिष्ठ त्याबद्दल कौतुक करतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. दिवाळीपूर्वी आमचे भांडण झाले होते. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा अर्धा खर्च त्याने द्यायचा असे ठरले होते, तो त्याने दिला नाही आणि त्याच महिन्यात नवी मोटारसायकल घेतली. मी त्याला बरेच काही बोलले. भाऊबीजेला तो आला, मी ओवाळले, त्याने ताटात नेहमीप्रमाणे पाकीट ठेवले, पण आम्ही एकमेकांशी मोजकेच बोललो. आता घरात तो देवमाणूस झाला आहे. आई सांगते की त्याने कधी कोणाचे मन दुखवले नाही. समोर बसलेल्या बायका मान डोलावतात आणि मला वाटते की मी कोणा दुसऱ्याच माणसाची बहीण होते. तो उधळ्या होता, विसरभोळा होता, माझी नक्कल करून मला रडकुंडीला आणत असे. मला आठवतो तो हा, आणि याच्याविषयी बोलायला आता कोणी उरलेले नाही.

शुभदा_नाशिक

भावंडांच्या शोकात मला हीच गोष्ट सर्वांत जास्त आढळते आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. आईवडील गेलेल्या मुलाचे गुण तेवढे जपतात. तसे करणे ही त्यांची गरज असते आणि ती मोडायला जाऊ नये. भावंडांचे नाते मात्र बरोबरीचे असते. त्यात भांडण, स्पर्धा, हिशेब, चिडवणे हे सारे असते आणि आईवडिलांच्या पाठीमागे चाललेले एक वेगळे बालपण असते, ज्याचा दुसरा साक्षीदार आता राहिलेला नाही. त्या माणसाचे देवमाणसात रूपांतर झाले की भावंडाला खरा भाऊ दुसऱ्यांदा गमावल्यासारखे वाटते. शिवाय राग तर आहेच, आणि गेलेल्यावर रागावणे शोभत नाही म्हणून तो आतल्या आत अपराधीपणात बदलतो. मिटायचे राहिलेले भांडण हे त्या भांडणाच्या आकारामुळे छळत नाही. ते शेवटचे ठरले म्हणून छळते. एरवी हे भांडण मकरसंक्रांतीपर्यंत आपोआप मिटले असते.

आता नील यांच्या सल्ल्याविषयी. 'आईला सांगा' हे मी पहिले पाऊल म्हणून सुचवणार नाही. ज्या माणसाला स्वतःचेच पेलत नाही, त्याच्याकडून विचारपूस अपेक्षिली, तर बहुधा दुखावलेपणच पदरी येते. पहिला माणूस असा निवडावा, जो भावाला चांगला ओळखत होता, पण ज्याला सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. मामेभाऊ, त्याच्या खोलीवरचा सोबती, शाळेतील मित्र, यांपैकी कोणीही चालेल. त्याला 'कधीतरी बोलू' असे म्हणू नये, कारण तसे बोलणे होत नाही. ठरावीक वार सांगावा, घराबाहेरचे ठिकाण ठरवावे, अर्धा-पाऊण तास पुरतो. आणि त्याला आधीच स्पष्ट सांगावे: "आईबाबांविषयी आज बोलायचे नाही, मला त्याच्याविषयी बोलायचे आहे आणि मला समजावू नकोस." लोकांना विचारायचे असते, पण काय विचारावे हे कळत नाही, ते आपण सांगितले की बरेच जण जमवून घेतात.

भांडणाविषयी भावाला उद्देशून पत्र लिहावे. त्यात शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडा, मोटारसायकल आणि आपण त्याला बोललेले शब्द जसेच्या तसे यावेत. गोड करून लिहिले, तर त्याचा उपयोग होत नाही. ते रात्री झोपण्यापूर्वी लिहू नये. लिहून झाल्यावर एका माणसासमोर मोठ्याने वाचावे आणि आईबाबांच्या हाती पडणार नाही असे ठेवावे. पहिल्या वेळी काही जणांना नंतर दोन-तीन दिवस अधिक जड जाते. त्यानंतरही उतार पडला नाही, तर हे एकट्याने पुढे नेऊ नये.

अॅड_सातारा

मूळ विषय वेगळा आहे, तरी एक लिहितो. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित आणि मुले नसलेल्या पुरुषाची पहिल्या वर्गातील वारस आई असते. वडील दुसऱ्या वर्गात प्रथम येतात आणि भावंडे त्यांच्यानंतर. त्यामुळे रकान्यात आपले नाव येत नाही, हे कायद्याला धरूनच आहे. मात्र त्याच्या मोबाइलवरून ओटीपी घेऊन बँक खात्यातील रक्कम काढू नये. हेतू कितीही स्वच्छ असला, तरी मृत्यूनंतरचा तसा व्यवहार पुढे अडचणीचा ठरतो. बँकेत दाखला देऊन आईंच्या नावे रीतसर दावाच करावा.

उत्तरा_सांगली

खात्याला हात लावलेला नाही, केवळ ईमेल उघडण्यासाठी सिम ठेवले आहे. धन्यवाद.

आबा_अकोला

मी बाप म्हणून लिहितो आहे. माझा थोरला मुलगा गेला त्याला पाच वर्षे झाली. धाकटी मुलगी आहे. ताईंचे वाचून असे वाटते की त्यांच्या घरी नेमके काय चालले असेल, ते दुसऱ्या बाजूने सांगावे. आपण मुलीला विचारत नाही, याचे कारण आपल्याला तिची काळजी नाही असे नसते. तिने 'मी बरी नाही' असे उत्तर दिले, तर आपल्याजवळ द्यायला काही उरलेले नाही, ही भीती असते. एक मूल गेल्यावर दुसरे बरे आहे, एवढ्या एका गोष्टीवर आईबाप उभे असतात, आणि ती गोष्ट तपासून पाहण्याचे धैर्य होत नाही. मुलगी हसताना दिसली की मला बरे वाटे आणि त्याच क्षणी थोडा रागही येई, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

समोरासमोर बसून बोलू नका, असे मी सुचवेन. आमच्या पिढीतील पुरुषांना समोर बसवून मनातले विचारले की ते उठून जातात. बाबांबरोबर काही काम करताना, गाडीत, बाजारात, एक वाक्य बोलून पाहा. उत्तराची वाट पाहू नका.

नील_डोंबिवली

टप्प्यांविषयी मी जे वाचले होते, ते इतके सरसकट नाही असे दिसते. तरीही एक शंका राहते. एकमेकांपासून दुःख लपवणे हे हिताचे कसे असेल? मग आईला न सांगणे हेही लपवणेच झाले.

शुभदा_नाशिक

शंका योग्य आहे. नेदरलँड्समध्ये मूल गमावलेल्या दोनशेहून अधिक दाम्पत्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदाराला त्रास होऊ नये म्हणून जे आपले दुःख आवरून धरत होते, त्यांचे स्वतःचे दुःख अधिक राहिले आणि ज्याच्यासाठी आवरले, त्या जोडीदाराचेही अधिक राहिले. म्हणजे लपवल्याने आई वाचत नाही, हे आपले म्हणणे खरे असण्याचा संभव आहे. पण तो अभ्यास नवरा-बायकोचा होता. मुलगी आणि आई यांच्यात बळ सारखे नसते, म्हणून तो जसाच्या तसा इथे लावायला मी धजत नाही. माझे म्हणणे केवळ क्रमाविषयीचे आहे. आधी बाहेर एक माणूस, मग बाबा, मग आई. आणि आईला सांगताना 'मलाही त्रास होतो' असे न म्हणता 'मला आज त्याची फार आठवण येते आहे' असे म्हणावे. पहिल्या वाक्यात तुलना ऐकू येते, दुसऱ्यात येत नाही.

वसंतराव_कराड

मीनलताईंनी लक्षात आणून दिले ते बरे झाले. उत्तराताई, आता आपल्याला विचारतो: आपण कशा आहात? उत्तर इथे लिहिलेच पाहिजे असे नाही.

उत्तरा_सांगली

वसंतराव, हे वाचताना मी कार्यालयाच्या बसमध्ये होते आणि ठरलेला थांबा मागे गेला. उत्तर अजून जुळवता येत नाही, पण विचारलेत हे फार मोठे आहे.

मध्यंतरीचे सांगते. भावाच्या खोलीवरच्या मित्राला मी शनिवारी भेटले. पहिली दहा मिनिटे तो आईबाबांविषयीच विचारत राहिला. मग शुभदाताईंनी सांगितलेले वाक्य मी जवळजवळ पाठ म्हटल्यासारखे म्हटले. त्यानंतर त्याने सांगितले की मोटारसायकलचा हप्ता भावाला पेलत नव्हता आणि ती विकून बाबांचे पैसे देण्याविषयी तो बोलत असे. हे ऐकून बरे वाटेल असे कोणालाही वाटेल, मला मात्र भयंकर राग आला, कारण मग त्याने मला ते सांगितले का नाही? घरी येऊन पत्र लिहायला घेतले आणि दीड पानावर थांबले.

आबा, बँकेत जाताना मी बाबांना म्हटले, "मला आज त्याची फार आठवण येते आहे." बाबा 'हं' म्हणाले आणि फाइल आणली आहेस ना, असे त्यांनी विचारले. रात्री पुण्याला पोहोचल्यावर त्यांचा फोन आला. वेळेवर जेवतेस ना, एवढेच विचारून त्यांनी तो ठेवला. आईला तेच वाक्य सांगितले, तर ती म्हणाली, "तुला निदान तुझा संसार आहे." ते मला लागले आणि अजून लागलेलेच आहे.

आबा_अकोला

जेवणाचे विचारणे हेच विचारणे आहे. बापाला याहून वेगळे शब्द येत नाहीत, ताई. ते पदरात पाडून घ्या.

शुभदा_नाशिक

आबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी मी पूर्ण सहमत नाही. मुलींनी नेहमीच अर्थ लावून घ्यायचा आणि त्यावर भागवायचे, हे फार वर्षे चालत आलेले आहे. बाबांना 'हो, जेवते, पण पहाटे झोप मोडते' एवढे खरे उत्तर पुढच्या वेळी द्यावे. ते काय करतात, ते पाहू. आईंच्या वाक्याला सध्या उत्तर देऊ नये, आणि ते लागले नाही असे स्वतःला समजावूही नये.

पत्र दीड पानावर थांबले, तर थांबू द्यावे. राग आला, हे मला न रडण्यापेक्षा चांगले चिन्ह वाटते.

आपण सुरुवातीला विचारले होते की हे ठीक आहे का, त्याचे उत्तर राहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचे निदान किमान सहा महिन्यांनंतर करता येते; अमेरिकेतील निकषांत, २०२२ पासून, प्रौढांसाठी बारा महिने धरले आहेत. परंतु महिने मोजून ते निदान होत नाही. जवळजवळ रोजची तीव्र ओढ, त्याच्याखेरीज आपण कोणी नाही असे वाटणे, त्याची आठवण होईल म्हणून माणसे आणि ठिकाणे टाळत जाणे, आणि यामुळे नोकरी किंवा घर चालवणे अशक्य होणे, असे एकत्र दिसावे लागते. आपल्या लिहिण्यावरून मला तसे दिसत नाही, पण धाग्यावरून कोणी निदान करू नये. पहाटेची जाग मात्र गांभीर्याने घ्यावी, कारण ते नैराश्याचेही लक्षण असू शकते आणि त्यावर वेगळे उपचार असतात. जाग अशीच राहिली, जेवण कमी झाले किंवा कामातही काही उरले नाही असे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आपणही त्याच्यामागे जावे असा विचार एकदा जरी आला, तरी वाट पाहू नये. त्याच दिवशी फोन करावा आणि यजमानांना सांगावे.

उत्तरा_सांगली

तसा विचार आलेला नाही. पहाटेच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यातील वेळ घेतली आहे.

एक प्रश्न उरतो. आईची इच्छा आहे की मी नोकरी सोडून किंवा घरून काम मागून वर्षभर सांगलीला यावे. यजमान हरकत घेत नाहीत, पण मला तिथे जाण्याची भीती वाटते.

वसंतराव_कराड

मी आधी वर्षश्राद्धापर्यंत जवळ राहा असे लिहिले होते. आईवडिलांचा विचार करता मला ते अजूनही योग्य वाटते, पण आपली झोप मोडते आहे हे वाचल्यावर तसा आग्रह धरवत नाही.

मीनल_न्यूजर्सी

जाऊ नका, असे मी म्हणेन. मी नोकरीतून सहा आठवड्यांची रजा काढून गेले होते आणि परत येईपर्यंत मी ताईच्या जागी आईचे बोलणे ऐकणारी, ताईच्या मुलांचे डबे भरणारी बाई झाले होते. अर्थात माझ्या बाबतीत तिथे लहान मुले होती, आपली परिस्थिती वेगळी आहे.

शुभदा_नाशिक

यावर एक उत्तर मी देणार नाही. जायचेच असेल, तर किती दिवसांसाठी आणि परतण्याची तारीख कोणती, हे जाण्यापूर्वी आईंना सांगावे. बाबांनी बँकेचे आणि विम्याचे कोणते काम स्वतः करायचे, हेही ठरवून घ्यावे. आणि राखीपौर्णिमा व भाऊबीज हे दोन दिवस आपण कोठे असणार, याचा निर्णय सणाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. काही बहिणी त्या दिवशी आईकडे जातात, काही मुद्दाम जात नाहीत. मी दोन्ही प्रकारच्या पाहिल्या आहेत.

प्रथमेश_लातूर

मी हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे. मी एकोणीस वर्षांचा आहे, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी लहान बहीण दीड वर्षापूर्वी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या आजारपणात मी दोन वर्षे काकांकडे राहिलो, कारण आईबाबा तिला घेऊन मुंबईला होते. मला तिच्याजवळ नेलेच नाही, म्हणून मला राग येतो, आणि राग येतो म्हणून लाज वाटते. हे याच धाग्यात विचारावे का?

शुभदा_नाशिक

प्रथमेश, राग येणे समजण्यासारखे आहे, आणि आजारपणात दूर ठेवलेल्या भावंडांचा प्रश्न थोडा वेगळा असल्यामुळे त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे त्यावर नीट बोलता येईल. तोपर्यंत एवढे सांगा की ती दोन वर्षे काकांकडे आपल्याशी तिच्याविषयी कोण बोलत असे.

प्रथमेश_लातूर

चुलत आजी. बाकी कोणी नाही. धागा आज रात्री काढतो.